देणं राहिलं तरी चालेल

इंग्रजीत सणासुदीला एक वाक्य हमखास फिरतं. कार्डांवर, लग्नाच्या पत्रिकांवर आणि दुकानांच्या फलकांवर ते थोड्याफार फरकाने दिसतं: ‘युअर प्रेझेन्स इज द बेस्ट प्रेझेंट’. त्याचंच आटोपशीर रूप म्हणजे ‘धिस दिवाली, बी द प्रेझेंट’. यंदा भेटवस्तू पाठवू नकोस, तूच भेटवस्तू हो, असा त्याचा आशय. इंग्रजीतला ‘प्रेझेंट’ एकाच वेळी भेटही असतो आणि हजरही असतो. त्या पाच शब्दांचं सगळं बळ या एका योगायोगात आहे. एखाद्या कंपनीने ही ओळ मराठीत मागितली आणि ती धाराशिव जिल्ह्यातल्या माकणीसारख्या गावातही लागली पाहिजे असं सांगितलं, तर लिहिणाऱ्याला नेमकं काय काय करावं लागेल?

माकणी लोहारा तालुक्यात, तेरणेच्या काठी आहे. निम्न तेरणा प्रकल्पाचं धरण इथलंच. दसरा-दिवाळीच्या सुमारास या भागात सोयाबीन निघतं, आडतीवर जातं आणि त्याच्या पट्टीवर घरातल्या सणाचा अंदाज ठरतो. मराठवाड्यातल्या बहुतेक गावांसारखी इथलीही तरुण माणसं पुण्या-मुंबईकडे कामाला आहेत. दिवाळीत गाव भरणार की नाही हे एसटी आणि ट्रॅव्हल्सच्या तिकिटांवर ठरतं. म्हणजे ‘वस्तू पाठवू नकोस, स्वतः ये’ हे सांगणं इथे आधीच घरोघर चालू असतं. भावना गावात आहेच. तिला मराठी बोलायला लावायचं एवढंच काम उरतं, आणि तेच अवघड आहे.

पहिला प्रयत्न शब्दशः होतो आणि तो पहिल्याच पावलाला अडखळतो. ‘धिस दिवाली’चं ‘या दिवाळी’ होतं. हे रूप आता फलकांवर इतकं दिसतं की डोळ्यांना सवय झाली आहे, पण कानाला अजून ते खटकतं. मराठीत ‘या दिवाळीत’ म्हणतात, ‘दिवाळीला’ म्हणतात, ‘यंदाच्या दिवाळीला’ म्हणतात. विभक्तीचा प्रत्यय गळाला की वाक्य हिंदीतून उतरवलंय हे लगेच कळतं. ‘फेस्टिव्ह सीझन’चा ‘सणांचा हंगाम’ करणंही त्याच जातीचं. मराठीत हंगाम ज्वारीचा आणि आंब्याचा असतो, सणांना ‘सणासुदीचे दिवस’ म्हणतात. अशा ओळी व्याकरणाने जेमतेम तगतात, पण त्या ऐकून कुणी पिशवी भरायला घेत नाही.

म्हणून जाहिरातीच्या धंद्यात या कामाला भाषांतर म्हणत नाहीत, ‘ट्रान्सक्रिएशन’ म्हणतात. हा शब्द कोलकात्याच्या पी. लाल यांनी आपल्या संस्कृत अनुवादांसाठी वापरला आणि पुढे तो बाजारात आला. मराठीला ही रीत मात्र त्याआधीपासून ठाऊक आहे. गोविंद बल्लाळ देवलांनी ‘ऑथेल्लो’चा ‘झुंजारराव’ केला. पु. ल. देशपांड्यांनी १९७५च्या सुमारास शॉच्या ‘पिग्मॅलियन’ची ‘ती फुलराणी’ केली, तेव्हा लंडनच्या फुलवालीचे उच्चार मराठीत आणणं शक्यच नव्हतं. त्यांनी बोलणारं माणूसच इथलं घेतलं, आणि त्याच्या तोंडी इथले उच्चार आपोआप आले. पाच शब्दांच्या जाहिरातीतही पहिला प्रश्न तोच असतो: हे बोलतंय कोण?

प्रेझेंट या शब्दावरची कोटी मराठीत आणायला शब्दकोश उघडला की पहिलाच शब्द हाताला लागतो तो ‘भेट’. आणि काय नशीब! भेट म्हणजे गाठ पडणं, आणि भेट म्हणजे वस्तूही. इंग्रजीत दोन अर्थ एका शब्दात आहेत, तसे ते इथेही आहेत. ‘तुझी भेट हीच भेट’ ही ओळ दोन मिनिटांत तयार होते. कंपनीला समजावून सांगायलाही सोपी, कारण ती उलट इंग्रजीत नेली तरी कोटी शाबूत राहते.

पण ही ओळ कोण म्हणेल? ‘भेट’ हा शब्द मराठीत फार खोल जातो, वारकऱ्याला विठ्ठलाची भेट हवी असते. वस्तू या अर्थाने मात्र तो कागदावरचा झाला आहे. अंगणवाडी सेविकांना सरकार देतं ती ‘भाऊबीज भेट’ आणि संस्थेने सभासदांना दिलेली ‘दिवाळी भेट’. शिवाय भेटायला येणारा माणूस पाहुणा असतो. तो येतो, चहा घेतो आणि निघतो. चाकणच्या कंपनीत कामाला असलेला मुलगा दिवाळीला माकणीत आला, तर त्याची आई ‘पोरानं घराला भेट दिली’ असं कधीच म्हणणार नाही. ती म्हणेल, ‘पोरगं आलंय.’ कोटी जमली, पण ज्या माणसाच्या तोंडी ती द्यायची तेच माणूस ती उच्चारत नाही. ही ओळ दुकानदाराची आहे, घरची नाही.

दुसरा प्रयत्न ध्वनीच्या वाटेने जातो. इंग्रजीत ‘प्रेझेन्स’ आणि ‘प्रेझेंट्स’ कानाला जवळजवळ सारखे लागतात, आणि नेमकी तशीच जोडी मराठीत आहे: हजार आणि हजर. ‘हजार नको, हजर राहा.’ चार शब्द, एका कान्याचा फरक आणि ऐकताच लक्षात राहणारा ठेका. मोठ्या अक्षरांत फलकावर ती झकास दिसेल, कारण हजार आणि हजर एकाखाली एक लावले की कोटी डोळ्यांनीच वाचता येते.

इथेही तोच प्रश्न विचारायचा. ‘हजर राहा’ कोण म्हणतं? तलाठी म्हणतो, कोर्टाची नोटीस म्हणते, मुकादम म्हणतो. शाळेत नाव पुकारलं की ‘हजर’ म्हणायचं असतं, आणि कुणाला खडसावलं की त्याची ‘हजेरी घेतली’ म्हणतात. हा शब्द बोलावत नाही, फर्मावतो. ग्रामसभेच्या सूचनेत ‘सर्वांनी हजर राहावे’ असं वर्षानुवर्षं वाचलेल्या माणसाला दिवाळीच्या फलकावर तेच दिसलं तर मनात आईचा चेहरा उभा राहणार नाही. इथे इंग्रजी ओळीचा चटपटीतपणा शंभर टक्के आला आणि तिची ओढ पुरती गेली. सर्जक म्हणवणारं काम बहुतेक वेळा इथेच थांबतं, कारण कोटी पाहून बैठकीतले सगळे हसतात आणि हसणं म्हणजे मान्यता असं धरलं जातं.

तिसरी जोडी अधिक देखणी आहे. ‘तू आहेस, हाच आहेर.’ ‘आहे’ आणि ‘आहेर’ यांच्यात फक्त एका अक्षराचं अंतर आहे. असणं हेच देणं, हा इंग्रजी ओळीचा गाभा मराठीत इतक्या सहज कुठेच उतरत नाही. मराठी पत्रिकांवर ‘आपली उपस्थिती हाच आहेर’ ही ओळ कितीतरी वर्षं छापली जाते, म्हणजे ही कल्पना वाचकाला परकी नाही. उलट त्या रुळलेल्या ओळीतली जड ‘उपस्थिती’ काढून तिथे घरगुती ‘आहेस’ आलं, तर ती जिवंत होते.

अडचण आहे ती सणाची. आहेर लग्नात होतो, मुंजीत होतो, बारशाला होतो. दिवाळीत पाहायचं तर जावयाच्या पहिल्या दिवाळसणाला होतो. एरवी दिवाळीत भाऊ घालतो ती ओवाळणी, नवरा देतो तो पाडवा. ओवाळणीला आहेर म्हटलं तर ऐकणारा क्षणभर थांबून ‘लग्न कुणाचं?’ असं विचारेल. आणि वर्तमानपत्रांनी ‘घरचा आहेर’ या शब्दाला आणखी एक अर्थ दिला आहे: स्वतःच्याच माणसाने चारचौघांत केलेली टीका. ही ओळ लग्नसराईतल्या साड्यांच्या दुकानासाठी राखून ठेवावी. दिवाळीला ती एक सण चुकून आल्यासारखी वाटते.

आता आईकडेच वळायला हवं. मुलाने फोनवर ‘या वेळी सुट्टी नाही, पैसे टाकतो’ असं म्हटलं, तर आई काय म्हणेल? ती कोटी करणार नाही. ती म्हणेल, ‘पैसे राहू दे, तू ये.’ जाहिरातीची ओळ या वाक्याच्या आतच शोधायची आहे. त्यात दोन क्रिया आहेत, देणं आणि येणं. आणि हे दोन्ही शब्द मराठीत नुसती क्रियापदं नाहीत. देणं म्हणजे कर्ज, द्यायची रक्कम. येणं म्हणजे कुणाकडून यायची बाकी. दुकानदाराच्या वहीत ‘येणे’ आणि ‘देणे’ अशा दोन बाजू असतात आणि लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी व्यापारी पेढ्यांवर त्याच वह्यांची पूजा होते. सोयाबीन घालून आलेल्या घरातही त्या दिवसांत हेच शब्द असतात: आडत्याकडचं येणं, खत-बियाण्याच्या दुकानाचं देणं. दिवाळी हा सण आणि येणं-देणं हा हिशेब मराठी मनात आधीपासून शेजारी बसलेले आहेत. म्हणजे कोटी तयार करायची नाही, ती इथेच पडून आहे.

पहिला मसुदा सरळ येतो: ‘देणं नको, येणं हवं.’ ‘देणं-घेणं’ या जोडीची सवय असलेल्या कानाला ‘घेणं’च्या जागी ‘येणं’ ऐकून छोटासा धक्का बसतो. ही या ओळीची जमेची बाजू. पण ती मोठ्याने वाचली की दोष दिसतो. ‘येणं हवं’ हे आडत दुकानात उधारी मागायला आलेल्या माणसाचं बोलणं आहे. बाकी वसूल करायला निघाल्यासारखा तिचा स्वर लागतो. दोन अर्थांपैकी चुकीचा अर्थ पुढे आला आणि बरोबर अर्थ मागे राहिला. दुहेरी अर्थाच्या शब्दाचं हे नेहमीचं संकट आहे. कोणता अर्थ आधी उजळेल हे शेजारचं क्रियापद ठरवतं.

म्हणून क्रियापद बदलायचं. ‘राहणं’ हे हिशेबातही चालतं आणि घरातही. बाकी राहते, काम राहतं आणि एखादं यायचंही राहून जातं. यातून ओळ अशी होते:

देणं राहिलं तरी चालेल, येणं राहायला नको.

पहिल्या अर्ध्यात हिशेबाचा अर्थ पुढे आहे, ‘देणं राहिलं’ म्हणजे बाकी राहिली. ऐकणारा तेवढ्यात व्यवहाराच्या वाटेला लागतो. दुसऱ्या अर्ध्यात ‘येणं’ आल्यावर त्याला कळतं की इथे रकमेचं बोलणं नव्हतंच, माणसाचं होतं. इंग्रजी ओळीत कोटी एकाच शब्दात मिटते, मराठीत ती दोन पावलांत उलगडते. शिवाय ‘राहायला नको’ यात मागणी नाही, काळजी आहे. हे वाक्य आई म्हणू शकते, आजी म्हणू शकते, माहेरी वाट पाहणारी बहीणही म्हणू शकते.

या ओळीचा एक फायदा मराठी लिहिणाऱ्यालाच कळेल. इंग्रजी ‘यू’ला लिंग नाही आणि मानही नाही. मराठीत ‘तू आलास’ म्हटलं की मुलगी बाहेर राहते, ‘तू आलीस’ म्हटलं की मुलगा, आणि ‘तुम्ही आलात’ म्हटलं की दोघंही परके होतात. दिवाळीला तर घरी येणारी सगळ्यांत मोठी पाहुणी माहेरवाशीणच असते. ‘येणं’ हे धातुसाधित नाम नपुंसकलिंगी आहे. ते पुण्याहून येणाऱ्या मुलाचं होतं, सासरहून येणाऱ्या लेकीचं होतं, आणि तू की तुम्ही हा पेच न सोडवताच दोघांना पोचतं.

बोलणारा कोण हे बरोबर लागलं की ओळ किती दूर जाते, याचं मराठीतलं जवळचं उदाहरण मोती साबणाचं आहे. ‘उठा उठा दिवाळी आली, मोती स्नानाची वेळ झाली’ ही ओळ मुळात मराठीतच सुचल्यासारखी वाटते. चाळीत पहाटे दारं वाजवत फिरणारे आजोबा ती म्हणतात. नरक चतुर्दशीला सूर्योदयाआधी अभ्यंगस्नान करायचं असतं आणि उशिरा उठणाऱ्याला घरातलं मोठं माणूस हाका मारतंच. जाहिरातीने फक्त त्या हाकेला यमक दिलं. विकायचा साबण वाक्यात आहे, पण आवाज आजोबांचा आहे.

कोण बोलतंय याच्या जोडीला कोण ऐकतंय हेही पाहावं लागतं, आणि इथे माकणीचा भूगोल आड येतो. सणांच्या इंग्रजी ओळींत घर हलवून टाकणं, जमीन हादरवणं, भिंती दणाणून सोडणं अशी क्रियापदं फार. मोठी सवलत असली की ती ‘अर्थ-शेकिंग’ असते. पुण्यात त्याचं ‘हादरवून टाकणारी ऑफर’ केलं तर कुणी दुसऱ्यांदा पाहणार नाही. लोहारा, उमरगा, औसा या पट्ट्यात ते लिहिता येत नाही. अनंत चतुर्दशीला गणपती विसर्जन करून लोक झोपले आणि ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे चारच्या सुमारास किल्लारीचा भूकंप झाला. सास्तूर, किल्लारी आणि आजूबाजूची गावं कोसळली, दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. इथे गणपतीनंतरची पहाट आणि हादरणं या दोन गोष्टी एका वाक्यात आल्या तर वाचणारा जाहिरात वाचत नाही, आपल्या घरातली नावं मोजतो. मुंबईत बसून ओळ तपासणाऱ्याला हे कोणत्याही शब्दकोशात सापडणार नाही. त्यासाठी ओळ छापण्याआधी ती त्या भागातल्या माणसाला वाचून दाखवावी लागते.

वाचून दाखवण्याचं आणखी एक कारण बोली हे आहे. माकणीच्या ओट्यावर हीच ओळ ‘देनं ऱ्हायलं तरी चालंल, येनं ऱ्हाऊ नगं’ असं काहीसं वळण घेईल. तिला तसंच छापावं का? रेडिओवर किंवा व्हिडिओत, त्या भागातली बाई ती आपल्या तोंडाने म्हणत असेल, तर जरूर म्हणू द्यावी. छापील फलकावर मात्र बोली लिहिली की ती पुष्कळदा नक्कल वाटते, आणि आपली नक्कल होते आहे हे गावाला सगळ्यांत आधी कळतं. छापताना प्रमाण मराठी, पण ‘देणे-येणे’ नाही, ‘देणं-येणं’. एका अनुस्वाराने ओळ वहीतून उठून बोलण्यात येते.

कंपनीकडे ओळ जाते तेव्हा तिच्यासोबत दोन कागद जातात. एकावर ओळीचं इंग्रजीत शब्दशः उलट भाषांतर असतं, दुसऱ्यावर कारणं. उलट भाषांतरात ही ओळ बिचारी दिसते: ‘बाकी राहिली तरी हरकत नाही, येण्याची बाकी राहू नये.’ ‘प्रेझेंट’ कुठे गेला, दिवाळी कुठे आहे, असा प्रश्न येणारच. तेव्हा कारणांच्या कागदावर येणं-देणंचे दोन्ही अर्थ, वहीपूजन, आणि भेट, हजर, आहेर या तिन्ही पर्यायांत काय उरलं व काय हरवलं हे नीट मांडावं लागतं. बाद केलेले पर्यायही सोबत पाठवतात, कारण निवडलेली ओळ त्यांच्या शेजारी ठेवल्यावरच समजते. आणि दिवाळी? ती ओळीत घुसडायची गरज नसते. पणती, फराळाचं ताट किंवा उंबऱ्यातली रांगोळी असं चित्र सोबत असेल तर सण चित्रातून येतो आणि ओळ मोकळी राहते.

ही ओळ सगळ्या सणांना पुरत नाही. धाराशिव-लातूरकडची वेळ अमावस्या, तोंडी ‘येळवस’, मार्गशीर्षातली. त्या दिवशी गावच्या गाव शेतात असतं, कडब्याच्या कोपीत पूजा होते आणि भज्जी, आंबील, उंड्यांचं जेवण येईल त्याला वाढलं जातं. तिथे देण्याघेण्याचा प्रश्नच नसतो, बोलावणंच काय ते असतं. तिथे कोटी हवीच असेल तर ती ‘वेळ’ या शब्दावर होईल, कारण इथे वेळेलाही ‘येळ’च म्हणतात: ‘येळवसला येळ काढून या.’ प्रेझेंट आणि प्रेझेन्स तिथे पोचतच नाहीत, आणि त्यांना ओढत नेण्याचं कारणही नाही.

आणखी काही घरी ही देण्या-येण्याची ओळ लावता येत नाही. दिवाळीत ज्यांना सुट्टीच नसते ते एसटीचे चालक-वाहक, बंदोबस्तावरचे पोलीस, सीमेवरचे जवान, आणि परदेशात स्थायिक झालेली मुलं. त्यांना ‘येणं राहायला नको’ म्हणणं म्हणजे जखमेवर बोट ठेवणं. त्यांच्यासाठी चकली-करंज्यांचे डबे कुरिअरने जातात, लंडन-न्यू जर्सीपर्यंत पोचतात, आणि तिथे पहिल्यांदा वस्तूच माणसाची जागा घेते. फराळ पाठवणाऱ्या दुकानासाठी म्हणून तीच जोडी उलटी फिरवावी लागेल: येणं राहिलं, देणं तरी पोचू दे.